क्वायरच्या पहिल्या तालमीत हात नेमका कधी उचलायचा? कंडक्टिंगची मूळ तंत्रं समजून घ्या

डिसेंबर जवळ आला की भाईंदर, उत्तन, डोंगरी भागातल्या चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांच्या तालमी सुरू होतात. अनेकदा क्वायरसमोर उभं राहण्याची जबाबदारी एखाद्या कॉलेजच्या विद्यार्थ्यावर येते. त्याला गाणं पाठ असतं, सूरही पक्का असतो. तरीही हात खाली आल्यावर वीसपैकी आठ जण वेळेवर सुरू करतात आणि बाकीचे मागून येतात. असं का होतं?

याचं उत्तर हात खाली येण्याच्या आधीच्या क्षणात आहे.

तबल्याच्या साथीनं गाणारे हातावर ताल देतात. दादऱ्यात पहिल्या मात्रेवर टाळी, चौथीवर खाली. आपण तालात कुठे आहोत, हे ती टाळी दाखवते. कंडक्टरचा हात मात्र पुढे काय येणार, ते सांगतो. गायकाला श्वास घ्यायला वेळ लागतो, त्यामुळे सूचना समेवर मिळाली तर उशीर झालेला असतो.

तयारीचा इशारा

'सायलेंट नाइट' हे गाणं घेऊ. ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात २४ डिसेंबर १८१८ रोजी ते पहिल्यांदा गायलं गेलं. अनेक पुस्तकांत ते तीन मात्रांच्या बारमध्ये छापलेलं असतं आणि पहिल्याच मात्रेवर सुरू होतं. तीन मात्रांसाठी उजवा हात आधी सरळ खाली, मग बाहेर उजवीकडे आणि मग वर जातो. (चार मात्रा असतील तर खाली, आत डावीकडे, बाहेर उजवीकडे, वर. दोन असतील तर नुसतं खाली-वर.) प्रत्येक मात्रेला हात साधारण पोटाच्या उंचीवरच्या एका काल्पनिक रेषेला स्पर्श करून उसळतो. गायक त्या उसळीकडे पाहतात.

गती मिनिटाला ९० मात्रा ठेवली तर एक मात्रा सेकंदाच्या दोन तृतीयांश इतकी होते. मनात आधी एक पूर्ण बार मोजा. मग पुन्हा 'एक, दोन' म्हणताना हात स्थिर ठेवा. 'तीन'ला हात वर उचला आणि त्याच वेळी स्वतः तोंडानं, दिसेल असा श्वास घ्या. पुढच्या 'एक'ला हात खाली येईल आणि सूर लागेल. या एका मात्रेच्या हालचालीतून गायकांना गती तर कळतेच, आवाजही कळतो. हळू गायचं असेल तर उचल छोटी आणि मऊ हवी. मोठा झोका घेऊन 'हळू गा' म्हटलं तर क्वायर हाताचं ऐकतं, तोंडाचं नाही.

सगळीच गाणी पहिल्या मात्रेवर सुरू होत नाहीत. 'हॅपी बर्थडे'चे पहिले दोन स्वर तिसऱ्या मात्रेवर येतात. तिथे तयारी दुसऱ्या मात्रेवर, म्हणजे हात उजवीकडे नेऊन द्यावी लागते.

नवख्यांची नेहमीची गडबड म्हणजे हात वर नेऊन तिथे थांबणं. 'सगळे तयार ना?' असं पाहण्यासाठी ते थांबतात आणि मग हात झटकन खाली आणतात. उचल एका गतीची आणि उतार दुसऱ्या गतीचा झाला की गायकांना अंदाज लावावा लागतो. पहिला बार विस्कटतो आणि दुसऱ्या बारपासून गाणं सावरतं, तेव्हा दोष बहुधा इथेच असतो. गायकांकडे पाहायचं ते हात उचलण्याआधी.

तपासायला सोपी युक्ती आहे. काहीही न बोलता तयारीचा इशारा द्या आणि मित्राला पहिल्या मात्रेवर टाळी वाजवायला सांगा. दहापैकी नऊ वेळा टाळी हातासोबत पडली तर इशारा स्पष्ट आहे.

क्यू कसा द्यायचा?

समजा, दुसऱ्या कडव्यात पहिले चार बार फक्त मुली गातात आणि पाचव्या बारला मुलगे येतात. चौथ्या बारमध्ये एकच लांब स्वर आहे. त्याच्या पहिल्या मात्रेलाच मुलग्यांकडे नजर वळवा. तिसऱ्या मात्रेला त्यांच्यासोबत श्वास घ्या, डावा हात थोडा उचला आणि पाचव्या बारच्या 'एक'ला तो त्यांच्या दिशेनं सोडा. म्हणजे क्यू हाही तयारीचाच इशारा, फक्त एका गटापुरता. उजवा हात तोवर तीन मात्रांची आकृती चालू ठेवतो. हे दोन हात वेगळे करणं सुरुवातीला जड जातं. जमत नसेल तर फक्त नजर आणि श्वास द्या, बहुतेकदा तेवढं पुरतं. प्रत्येक ओळीला क्यू देण्याचीही गरज नाही. जे बराच वेळ गप्प आहेत, त्यांनाच तो लागतो.

अशा लांब स्वरांवर आणखी एक घोटाळा होतो. शब्द संपला म्हणून कंडक्टर पुढच्या ओळीकडे धावतो, तिसरी मात्रा आखूड होते आणि गाणं कडव्यागणिक वेगात जातं. मोबाइलवर चित्रीकरण करून पहिल्या आणि शेवटच्या कडव्याला किती सेकंद लागले ते मोजलं की हे लगेच दिसतं. त्याच चित्रीकरणात मान पुस्तकात किती वेळ होती, हेही कळतं. त्यामुळे निदान पहिला बार आणि क्यूच्या जागा तालमीआधी पाठ असाव्यात.