खानदेशचा वृक्ष आणि जाता-येताचे आकडे

आजचा विषय संगणकशास्त्राचा असला, तरी उदाहरण आपल्याच घरचं घेऊ. 1906 मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, तेच आजचे जळगाव आणि धुळे. पुढे 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. कागदावर काढलं तर हा एक वृक्षच होतो. मुळाशी खानदेश, त्याखाली तीन जिल्हे, आणि त्यांच्याखाली तालुके: नंदुरबारचे सहा, धुळ्याचे चार, जळगावचे पंधरा. एकूण 29 गाठी.

आता कोणी विचारलं, "धुळे जिल्ह्याची लोकसंख्या किती?" तर दर वेळी धुळ्याच्या फांदीवर चढून एकेक तालुका मोजायचा का? फांदी लहान असेल तर चालेल. पण देशभरातल्या लाखो गावांचा वृक्ष असेल तर नाही चालणार.

यावरची युक्ती साधी आहे. मुळापासून फिरायला निघायचं. एका फांदीत शिरलं की ती पूर्ण संपवूनच बाहेर यायचं, मगच शेजारची धरायची. प्रत्येक गाठीत पहिल्यांदा शिरताना पुढचा क्रमांक द्यायचा, आणि तिथून कायमचं निघताना शेवटी दिलेला क्रमांक कोणता होता तेही तिच्यापुढे लिहून ठेवायचं. करून बघू. खानदेश 1. नंदुरबार 2, त्याचे तालुके 3 ते 8. मग धुळे 9, शिरपूर 10, शिंदखेडा 11, साक्री 12, धुळे तालुका 13. जळगाव 14, त्याचे तालुके 15 ते 29. म्हणजे धुळे जिल्हा झाला 9 ते 13, मधे दुसरं कुणीच नाही. साक्री धुळ्यात आहे का? 12 हा आकडा 9 आणि 13 च्या मधे बसतो, म्हणजे आहे. झाडाकडे बघायची गरजच उरली नाही.

बेरजेचंही तसंच. तालुक्यांची लोकसंख्या या क्रमाने एका ओळीत मांडली, जिल्ह्यांच्या घरात शून्य ठेवलं, आणि सुरुवातीपासूनची चढती बेरीज लिहीत गेलो. 2011 च्या जनगणनेप्रमाणे आठव्या घरापर्यंत 16,48,295 होतात, तेराव्यापर्यंत 36,99,157. वजा करा: 20,50,862. हा झाला धुळे जिल्हा, एका वजाबाकीत. एखाद्या तालुक्याचा आकडा बदलला तर पुढच्या सगळ्या चढत्या बेरजा बदलाव्या लागतात, ही अडचण आहे खरी. पण पीटर फेनविकने 1994 मध्ये मांडलेल्या रचनेने ती बरीच हलकी होते.

या फेरीला ऑयलरचं नाव मिळालं ते 1736 च्या कोनिग्सबर्गच्या पुलांवरून. तिथे प्रत्येक पूल एकदाच ओलांडणारी वाट सापडत नव्हती. वृक्षात मात्र प्रत्येक फांदी जाताना एकदा आणि येताना एकदा धरली की अशी वाट हमखास मिळते: आपल्या 28 फांद्या, 56 पावलं. रॉबर्ट टार्जन आणि उझी विश्किन यांनी 1984-85 मध्ये ही फेरी अनेक प्रोसेसरांना एकाच वेळी काम करता यावं म्हणून वापरली. त्याआधी 1982 मध्ये पॉल डिएट्झने पूर्वज ओळखण्यासाठी अशाच दोन क्रमांकांची तुलना केली होती. म्हणजे नाव ऑयलरचं असलं, तरी आपण वापरतो ती गोष्ट चाळीसेक वर्षांचीच आहे.

आता खरी मेख. 1998 च्या आधीचा धुळे जिल्हा घ्या, त्यात दहा तालुके. समजा कुणी ते अकारविल्हे फिरले: अक्कलकुवा, तळोदा, धडगाव, धुळे, नंदुरबार, नवापूर, शहादा, शिंदखेडा, शिरपूर, साक्री. धुळ्यासाठी हा पट्टा अगदी बरोबर होता. पण नंदुरबार निघाला आणि त्याचे सहा तालुके झाले पहिला, दुसरा, तिसरा, पाचवा, सहावा, सातवा. मधे धुळे तालुका येऊन बसला! पट्टा तुटला. जुन्या क्रमांकांवर "नंदुरबार" म्हणून पहिल्यापासून सातव्यापर्यंत बेरीज घेतली, तर त्यात धुळे शहराची माणसंही गुपचूप मोजली जातील. संगणक काही तक्रार करणार नाही, उत्तर फक्त मोठं येईल. तपासायचं कसं? पट्ट्यातली घरं मोजा. सहा तालुके आणि एक जिल्हा मिळून सात घरं हवीत. इथे जिल्ह्याचं घर सोडूनच सात भरतात, म्हणजे कुणीतरी परकं आत आहे. उपाय एकच, नव्या झाडावर पुन्हा फेरी मारून नवे क्रमांक देणं.

जनगणनेतही हेच दिसतं. 2011 ला देशभरातल्या जिल्ह्यांना 1 ते 640 असे सलग क्रमांक दिले. महाराष्ट्राच्या वाट्याला 497 ते 531 आले, पस्तीस जिल्ह्यांना पस्तीस. त्यात नंदुरबार 497, धुळे 498, जळगाव 499, म्हणजे अख्खा खानदेश एका पट्ट्यात. हे काम करणाऱ्यांनी टार्जन वाचला होता असं मी म्हणत नाही. राज्यवार यादी नीट लावली की हेच घडतं. पण 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर निघाला, तेव्हा 497 आणि 531 च्या मधे एकही जागा रिकामी नव्हती.