तुनह्वांग

तुनह्वांग (दुनहुआंग) : चीनच्या गान्सू प्रांतातील मरूद्यानी शहर. लोकसंख्या सुमारे १.८६ लाख (२०१०). गोबीच्या वाळवंटाच्या कडेला, डांग नदीच्या पाण्यावर ते वसले असून येथे वर्षाकाठी सुमारे ४० मिमी. पाऊस पडतो. रेशीम मार्ग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाटांना येथे फाटे फुटत. एक वाट तक्लामाकानच्या उत्तर कडेने, तर दुसरी दक्षिण कडेने काश्गरकडे जाई. पुढे पामीर ओलांडून समरकंद, इराण आणि भूमध्य समुद्र गाठता येई. हान सम्राट वू याने इ. स. पू. १११ च्या सुमारास येथे लष्करी ठाणे बसविले. पश्चिमेच्या युमन आणि यांग या दोन नाक्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची तपासणी होत असे.

या मार्गावर कोणी एकच व्यापारी चीनहून रोमला जात नसे. माल टप्प्याटप्प्याने हात बदलत पुढे सरके आणि मधल्या टप्प्यांवर समरकंद परिसरातील सोग्दियन व्यापाऱ्यांचे वर्चस्व होते. तुनह्वांगजवळच्या एका पहारा-बुरुजात १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन यांना सोग्दियन भाषेतील, कागदावर लिहिलेली पत्रे सापडली. ती साधारण इ. स. ३१३ ची असून मुक्कामी कधीच पोहोचली नाहीत. समरकंदला पाठवायच्या एका पत्रात लोयांग राजधानी जळाल्याची आणि तेथील भारतीय व सोग्दियन उपासमारीने मेल्याची बातमी आहे. त्याच पत्रात कस्तुरीच्या मालाचाही हिशेब आहे. दुसरे पत्र नवऱ्याने तुनह्वांगला सोडून दिलेल्या मिव्‌नै नावाच्या बाईचे आहे. मुलीसह ती तेथे अडकून पडली होती आणि परतण्यासाठी सोबत शोधत होती. व्यापाराच्या इतिहासात अशा माणसांचा आवाज क्वचितच ऐकू येतो.

रेशीम हा येथे जसा माल होता तसाच पैसाही होता. थांग काळात केंद्र सरकार सैनिकांचा पगार रेशमाच्या ठाणांतून देई, इ. स. ७४५ मध्ये येथील लष्करासाठी सुमारे १५,००० ठाण आल्याची नोंद आहे. एवढे कापड बाजारात उतरले की व्यापाराला भरभराट येणारच. ७५५ च्या आन लुशानच्या बंडानंतर सैन्य मागे घेतले गेले तेव्हा हा ओघ आटला. त्यानंतर बराच काळ येथील व्यवहार नाण्यांऐवजी धान्य आणि कापडात होत असलेले दिसतात.

मोगाव लेणी : शहराच्या आग्नेयेस सुमारे २५ किमी. परंपरेनुसार ३६६ मध्ये लेझुन या भिक्षूने पहिले लेणे कोरले. चित्रे असलेली ४९२ लेणी आज टिकून आहेत. अजिंठा पाहिलेल्याला येथला एक फरक लगेच जाणवेल. अजिंठ्याचा बेसॉल्ट मूर्ती कोरण्याजोगा आहे. मोगावचा कडा मात्र गोट्यांच्या भुसभुशीत खडकाचा असल्याने तेथे मूर्ती कोरता येत नाही. म्हणून लाकडी सांगाड्यावर गवत व माती चढवून त्या घडविल्या आणि वर रंग दिला. भिंतींना मात्र दोन्हीकडे मातीचाच गिलावा असून रंग कोरड्या गिलाव्यावर लावला आहे. भारतातून निघालेली लेण्यांची कल्पना मध्य आशियातून येथे पोहोचेपर्यंत तिला स्थानिक दगडाशी अशी तडजोड करावी लागली.

फाहियान भारताकडे येताना तुनह्वांगहून गेला. ह्युएनत्संग परतताना ६४४ मध्ये येथे थांबला. मोगावचे जेमतेम तीन मीटर लांबी-रुंदीचे १७ क्रमांकाचे दालन अकराव्या शतकाच्या आरंभी बंद झाले. १९०० मध्ये वांग युआनलू या ताओपंथी साधूला ते सापडले. त्यातील हजारो हस्तलिखिते चिनी, तिबेटी, संस्कृत, खोतानी, सोग्दियन, उइगूर अशा भाषांतील आहेत. बौद्ध ग्रंथ बहुसंख्य असले, तरी मानी पंथाची स्तोत्रे, सिरियाक परंपरेतील ख्रिस्ती रचना आणि हिब्रू प्रार्थनेचे एक पानही त्यांत आहे. स्टाइन (१९०७) आणि पेलिओ (१९०८) यांनी त्यांतील मोठा वाटा लंडन व पॅरिसला नेला. ८६८ चे छापील वज्रच्छेदिका सूत्र लंडनमध्ये आहे.

रोग : तुनह्वांग परिसरातील श्वेनच्वान येथील हानकालीन टपालनाक्याच्या शौचकूपात कापड गुंडाळलेल्या काड्या मिळाल्या. त्या पुसण्यासाठी वापरत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्यांवर जंतांची आणि चिनी यकृत-पर्णकृमीची अंडी आढळली. हा कृमी गोड्या पाण्यातील गोगलगायी आणि मासे यांच्यावाचून वाढत नाही व कच्चा मासा खाल्ल्याने माणसाला जडतो. अशा कोरड्या भागात तो रुजणे शक्य नसल्याने तो कोणा प्रवाशाच्या पोटातून सुमारे १,५०० किमी. किंवा त्याहून दूरच्या दलदलीच्या प्रदेशातून आला असला पाहिजे. रोगाने प्रवास केल्याचा हा थेट पुरावा आहे. मात्र तो येथे पसरला, असे त्यावरून म्हणता येत नाही. प्लेगची गोष्ट वेगळी आहे. त्याला पाण्याची अट नाही. मध्य आशियातील इस्सिक-कुल सरोवराजवळच्या १३३८–३९ च्या थडग्यांतील दातांत त्याचा जंतू २०२२ मध्ये ओळखला गेला आहे.

मोगाव लेण्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९८७ मध्ये समावेश झाला. कापूस, द्राक्षे व जर्दाळू ही परिसरातील प्रमुख पिके. पर्यटन वाढते आहे. १०० मेगावॉटचे सौर-औष्णिक केंद्र २०१८ मध्ये सुरू झाले.