बैल गेला आणि झोपा केला... व्हिएतनाममध्येही! प्राण्यांच्या व्हिएतनामी म्हणींचा खरा अर्थ काय?

समजा, व्हिएतनामी मित्राने तुम्हाला 'म्हशीसारखा' म्हटलं, तर? औशाच्या बाजारात कुणी असं बोललं तर भांडण ठरलेलं. पण व्हिएतनाममध्ये 'खुए न्यु चउ', म्हणजे 'म्हशीसारखा दणकट', ही सरळसरळ शाबासकी आहे.

सोशल मीडियावर परदेशी म्हणींच्या याद्या फिरतात. त्यातली बरीच भाषांतरं शब्दाला शब्द ठेवून केलेली असतात. प्राणी कळतो, पण म्हण नेमकी कधी वापरायची ते कळत नाही. म्हणून काही व्हिएतनामी म्हणी आणि त्यांच्या खऱ्या मराठी जोड्या पाहू. (उच्चार जवळपासचे दिले आहेत. व्हिएतनामीत सुरांनुसार शब्दाचा अर्थ बदलतो आणि ते सूर देवनागरीत दाखवता येत नाहीत.)

आधी म्हैस समजून घेऊ

लातूर-नांदेडकडे शेती म्हटलं की आठवतो बैल. देवणी आणि लाल कंधारी या इथल्याच जाती. काळ्या रानात नांगर, वखर, पेरणी असं सगळं पिढ्यान् पिढ्या बैलाने ओढलं, त्यामुळे आपल्या म्हणींत बैल जागोजागी भेटतो. म्हैस आपल्याकडे दुधासाठी, आणि बोलताना मठ्ठपणासाठी!

व्हिएतनाममध्ये भाताची शेती, तीही चिखलात. गुडघाभर चिखलातून नांगर ओढायला पाणम्हैस कामाची. तिला म्हणतात 'चउ', आणि हा शब्द म्हैस आणि रेडा दोघांनाही चालतो. 'चउ म्हणजे संसाराचं पहिलं भांडवल', अशा अर्थाची तिथे म्हणच आहे. चिनी राशिचक्रात जिथे बैल येतो, तिथेही व्हिएतनामी लोकांनी म्हैस बसवली. 2021 हे त्यांचं म्हशीचं वर्ष होतं.

1. गाय गेली, मग गोठा आठवला

'मत बॉ मोइ लो लाम चुओंग'. शब्दशः अर्थ, गाय हरवली तेव्हा कुठे गोठा बांधायची काळजी लागली. ऐकल्याबरोबर आठवते ती 'बैल गेला आणि झोपा केला'. या झोप्याचा झोपेशी काही संबंध नाही. झोपा म्हणजे गोठ्याचं दार. चोराने बैल नेला आणि मालकाने नंतर दार बसवलं. पासवर्ड चोरीला गेल्यावर तो बदलणाऱ्याला दोन्ही म्हणी सारख्याच लागू पडतात.

2. म्हशीच्या कानाशी तंतुवाद्य

'दान गाय ताय चउ', म्हणजे म्हशीच्या कानाशी तंतुवाद्य छेडणं. ज्याला कदर नाही किंवा समजून घ्यायचंच नाही, त्याच्यासमोर चांगली गोष्ट वाया घालवणं. हिंदीत म्हशीपुढे बीन वाजते, मराठीत मात्र प्राणी बदलतो: 'गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता'. आपण एक पायरी पुढेही जातो. आपलं गाढव नुसतं गप्प बसत नाही, वर शेराही मारतं.

3. बदकाच्या डोक्यावर पाणी

'नुओक दो दउ वित'. बदकाच्या पिसांवर तेलकट थर असतो, त्यामुळे पाणी ओतलं तरी ओघळून जातं. कितीही सांगा, समोरच्यावर काही परिणाम नाही, असा याचा अर्थ. मराठी जोडी प्राण्याविना आहे: 'पालथ्या घड्यावर पाणी'.

इथे एक फसवी जोडी सांभाळा. व्हिएतनामीत याच अर्थाने 'अळूच्या पानावर ओतलेलं पाणी' असंही म्हणतात. मराठीत 'अळवावरचं पाणी' हुबेहूब तेच चित्र आहे, पण अर्थ वेगळा. आपण ते क्षणभंगुर, न टिकणाऱ्या गोष्टीसाठी वापरतो. त्यांच्याकडे ते वाया गेलेल्या उपदेशासाठी आहे.

4. बाहीत पाळलेल्या मधमाश्या

'नुओइ ओंग ताय आओ', म्हणजे अंगरख्याच्या बाहीत मधमाश्या पाळणं. ज्याला जवळ केलं, जपलं, तोच एक दिवस डंख मारणार. मराठीत 'अस्तनीतला निखारा'. अस्तनी म्हणजे बाहीच! दोन्ही भाषांनी विश्वासघातकी माणसाला एकाच जागी लपवलंय. त्यांच्याकडे तो डंख मारतो, आपल्याकडे तो जाळतो.

5. कुत्रा चावला, तोही फाटक्या सदऱ्याला

'चो कान आओ राच'. आधीच गरिबी, अंगावरचा सदरा फाटका, आणि कुत्र्याने नेमका तोच फाडला. संकटात असलेल्यावर आणखी एक संकट. मराठीत 'दुष्काळात तेरावा महिना'. अधिक महिना आला की वर्ष तेरा महिन्यांचं होतं. आधीच धान्य पुरत नाही, त्यात आणखी एक महिना काढायचा. मराठवाड्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

हत्तीने होणारी चूक

आता खरी परीक्षा. 'दउ वॉय दुओई चुओत' म्हणजे हत्तीचं डोकं, उंदराची शेपटी. हत्ती आणि शेपूट वाचून अनेकांना आठवेल 'हत्ती गेला, शेपूट राहिलं'. पण ही जोडी साफ चुकीची आहे.

एक उदाहरण घ्या. गावात तलावातला गाळ काढायचं काम धूमधडाक्यात सुरू झालं. नारळ फुटला, फोटो निघाले, आणि चार दिवसांत यंत्रं परत गेली. हे झालं हत्तीचं डोकं, उंदराची शेपटी, म्हणजे सुरुवात दणक्यात आणि शेवट फुसका. आता दुसरं चित्र. जवळपास सगळा गाळ निघाला, फक्त कोपऱ्यातला थोडा राहिला. तिथे आपण म्हणू 'हत्ती गेला, शेपूट राहिलं'. एका ठिकाणी काम बारगळलंय, दुसऱ्या ठिकाणी संपत आलंय. व्हिएतनामी म्हणीला मराठीतला जवळचा शब्द आहे 'आरंभशूर'.

असंच आणखी एक: 'म्हशी-बैल झुंजतात, माश्या-डास मरतात'. झुंज दिसली म्हणून 'दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ' लावाल, तर अर्थ उलटा होईल. इथे तिसऱ्याचा लाभ नाही, जीव जातो. मोठ्यांच्या भांडणात दोष नसलेले लहान भरडले जातात, म्हणून जवळची म्हण 'सुक्याबरोबर ओलंही जळतं'.

थोडक्यात, जोडी लावताना प्राणी बाजूला ठेवा आणि दोन गोष्टी विचारा: बोलणारा कुणाला टोमणा मारतोय, आणि नुकसान कुणाचं होतंय? दोन्ही उत्तरं जुळली तरच जोडी खरी.

विहिरीतला बेडूक: दोघांचाही, तरी थोडा वेगळा

विहिरीच्या तळाशी बसलेला बेडूक व्हिएतनामीत आहे आणि मराठीत 'कूपमंडूक' आहेच. संकुचित दृष्टीचा माणूस हा अर्थ दोन्हीकडे आहे. पण व्हिएतनामी मुलं जी गोष्ट ऐकतात, तिला पुढचा भाग आहे. बेडूक ओरडला की आवाज विहिरीत घुमतो आणि बाकीचे छोटे जीव घाबरतात. त्याला वाटतं, आकाश झाकणाएवढं आणि राजा आपणच. एका मोठ्या पावसात विहीर काठोकाठ भरते आणि तो बाहेर येतो. तिथेही तो मान वर करून ऐटीत फिरतो, कुणाकडे बघत नाही, आणि वाटेने जाणाऱ्या म्हशीच्या पायाखाली चिरडला जातो.

म्हणून व्हिएतनामी बेडकात अज्ञानाबरोबर माजही असतो. आपला कूपमंडूक विहिरीतच राहतो. त्यांचा बाहेर पडूनही सुधारत नाही. आणि त्याला धडा शिकवणारी शेवटी म्हैसच.