अवशेष-कल विश्लेषण (सातारा-सांगलीचा दुष्काळी पट्टा)

उपग्रहाने वर्षानुवर्षे टिपलेल्या हिरवाईतून पावसाचा वाटा वजा करून जमिनीचा कस ओसरतो आहे का, हे तपासण्याची पद्धत. इव्हान्स आणि गेरकेन यांनी ती 2004 मध्ये सीरियातील कोरडवाहू भागासाठी वापरली. पुढे वेसेल्स आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेत तिची पारख केली.

माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत माळरानाची हिरवाई पावसाबरोबर वरखाली होते. त्यामुळे वनस्पती निर्देशांकाचा (एनडीव्हीआय) नुसता चढउतार पाहून जमिनीविषयी काही ठरवता येत नाही. आधी प्रत्येक वर्षाच्या हंगामी निर्देशांकाची त्या हंगामातल्या पावसाशी सांगड घालतात. इथे परतीचा पाऊस मोलाचा असल्याने जून ते ऑक्टोबरची बेरीज धरणे बरे. या सांगडीवरून त्या पावसात किती हिरवाई यायला हवी होती, हे निघते. प्रत्यक्ष निर्देशांकातून अपेक्षित निर्देशांक वजा केला की उरतो तो अवशेष.

समजा, जतच्या एखाद्या माळाचे सूत्र असे निघाले:

अपेक्षित निर्देशांक = 0.10 + 0.0005 × पाऊस (मिमी)

सुरुवातीच्या एका वर्षी पाऊस 300 मिमी आणि निर्देशांक 0.27, अपेक्षा 0.25, म्हणून अवशेष +0.02. बऱ्याच वर्षांनी पाऊस 500 मिमी आणि निर्देशांक 0.32, अपेक्षा 0.35, म्हणजे अवशेष −0.03. वरवर पाहता माळ सुधारला, पण पावसाच्या मानाने तो मागे पडला. अर्थात दोन वर्षांवरून निकाल देता येत नाही. अवशेषांची उतरण पंधरा-वीस वर्षे टिकली तरच ऱ्हासाचा संशय घ्यावा. ऱ्हास मालिकेच्या मधेच एकदम झाला असेल, तर पाऊस-हिरवाईचे नातेच बदलते आणि सगळ्या वर्षांना एकच रेषा लावल्याने तो लपतो.

पावसाची आकडेवारी हे दुसरे दुखणे. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिमी पाऊस, तर म्हसवडकडे पाचशेच्या आसपास. मोडिस उपग्रह-संवेदकाचा चौकोन 250 मीटरचा, हवामान खात्याच्या पर्जन्य-जाळ्यातला सुमारे 25 किलोमीटरचा. घाटालगत एवढ्या मोठ्या चौकोनाची सरासरी फसवी ठरते. महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाची नोंद त्याहून भरवशाची. शिवाय घाटमाथ्यावर पाऊस मुबलक असल्याने हिरवाई त्यावर अडून नसते. तिथे ही पद्धत लावूच नये.

सर्वांत मोठी चकवाचकवी पाटपाण्याची. टेंभू, म्हैसाळ, उरमोडी योजनांचे पाणी पोचले की पावसाविना रान हिरवे होते, अवशेष चढतो आणि जमीन सुधारल्याचा भास होतो. म्हणून लाभक्षेत्र आधीच वगळावे लागते. गायरानावर वेडी बाभूळ माजली तरी निर्देशांक वाढतो. चारा मात्र घटलेला असतो. याउलट अवशेष घसरलेल्या जागी जाऊन मुरूम उघडा पडला आहे का, गवताची जात बदलली आहे का, हे पाहावे लागते.

वाळवा, मिरज भागातल्या क्षारपड जमिनी या पद्धतीच्या आवाक्याबाहेरच्या. तिथला ऊस नदी-विहिरीच्या पाण्यावर असतो. पावसाशी सांगड जुळत नाही, म्हणून उरलेल्या अवशेषालाही अर्थ राहत नाही. तिथे मातीची क्षारता आणि भूजलाची पातळीच मोजावी लागते.