यूट्यूब भागीदार कार्यक्रम : उत्पन्नाची पात्रता आणि वाटणी

यूट्यूबवरील चॅनेलच्या मालकाला जाहिरातींच्या आणि इतर मार्गांनी येणाऱ्या उत्पन्नात वाटा देणारी गुगलची योजना. तिची सुरुवात २००७ साली झाली. ‘चॅनेल मॉनेटाइझ झालं’ असे लोक म्हणतात, तेव्हा त्या चॅनेलला या योजनेत प्रवेश मिळालेला असतो. व्हिडिओवर जाहिरात दिसते म्हणजे चॅनेलला पैसे मिळतातच, असे मात्र नाही. योजनेबाहेरच्या चॅनेलवरही कंपनी जाहिराती दाखवू शकते. त्याचे उत्पन्न पूर्णपणे कंपनीकडे राहते.

एप्रिल २०१७ पर्यंत प्रवेशाला आकड्याची अट जवळजवळ नव्हती. त्या महिन्यात चॅनेलवर एकूण १०,००० व्ह्यूजची अट आली. त्याच सुमारास द्वेषमूलक आणि अतिरेकी व्हिडिओंच्या शेजारी आपल्या जाहिराती झळकतात म्हणून बड्या कंपन्यांनी यूट्यूबवरच्या जाहिराती थांबवल्या होत्या. व्ह्यूजचा आकडा एका रात्रीतही फुगवता येतो, त्यामुळे ही चाळण फार मोठ्या भोकांची ठरली. जानेवारी २०१८ मध्ये नवी अट जाहीर झाली : १,००० सबस्क्रायबर आणि मागील १२ महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम. २० फेब्रुवारी २०१८ पासून ती जुन्या चॅनेलांनाही लागू झाली आणि असंख्य छोटी चॅनेल बाहेर पडली. त्यांपैकी ९९ टक्के चॅनेलांची कमाई आधीच्या वर्षात १०० डॉलरपेक्षा कमी होती, असा खुलासा कंपनीने केला. हिशेब म्हणून तो खरा असेल. पण पहिल्या काही डॉलरांच्या आशेवर चिकाटीने व्हिडिओ करणाऱ्यांना त्या निर्णयाची झळ बसली, हेही तितकेच खरे.

आज दोन पायऱ्या आहेत. जाहिरातींतला वाटा हवा असेल तर १,००० सबस्क्रायबर लागतात आणि त्याबरोबर १२ महिन्यांत ४,००० तास किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. जून २०२३ मध्ये खालची पायरी आली, आधी मोजक्या देशांत आणि पुढे इतरत्र. तिथे ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत किमान ३ सार्वजनिक व्हिडिओ आणि ३,००० तास किंवा शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज पुरतात. या पायरीवर जाहिरातींचे पैसे मिळत नाहीत. प्रेक्षक स्वतःच्या खिशातून जे देतात, म्हणजे सदस्यत्व, सुपर चॅट, सुपर थँक्स, तेवढ्याचाच वाटा मिळतो.

अटीतले तास म्हणजे नेमके कोणते, इथे सर्वांत जास्त गफलत होते. प्रेक्षकांनी सार्वजनिक व्हिडिओ जितका वेळ खरोखर पाहिला तेवढाच वेळ धरला जातो. २० मिनिटांचा व्हिडिओ कोणी ३ मिनिटांत सोडला तर ३ मिनिटेच जमा होतात. प्रायव्हेट, अनलिस्टेड किंवा काढून टाकलेल्या व्हिडिओंचे तास धरत नाहीत. पैसे भरून व्हिडिओची जाहिरात केली, तर त्या जाहिरातीतून झालेले पाहणे बाद होते. शॉर्ट्सच्या फीडमध्ये अंगठ्याने वर सरकवत पाहिलेला वेळही या ४,००० तासांत येत नाही. लाइव्ह प्रक्षेपणाचे तास धरले जातात, पण त्याची नोंद नंतर सार्वजनिक ठेवावी लागते. म्हणूनच ॲनालिटिक्समधला वॉच टाइम आणि यूट्यूब स्टुडिओच्या Earn विभागातला आकडा यांत बरेचदा मोठी तफावत दिसते. पात्रतेसाठी Earn मधलाच आकडा खरा. चार मिनिटांच्या सरासरी पाहण्याने ४,००० तास भरायला ६०,००० व्ह्यूज लागतात आणि सरासरी दोन मिनिटांवर आली की १,२०,०००. व्ह्यूज वाढवण्याइतकेच प्रेक्षकाला व्हिडिओवर टिकवून ठेवणे महत्त्वाचे असते, ते या साध्या भागाकारामुळे.

दुसरी खोच ‘मागील १२ महिने’ या शब्दांत आहे. हे कॅलेंडरचे वर्ष नव्हे. आजपासून मागचे ३६५ दिवस मोजले जातात आणि रोज एक दिवस मागच्या बाजूने गळतो. सणांवर चालणाऱ्या मराठी चॅनेलांना याचा विलक्षण अनुभव येतो. समजा, एका पाककृतींच्या चॅनेलचा उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ दर गणेशोत्सवाच्या हंगामात १,८०० तास कमावतो आणि वर्षातले उरलेले सगळे दिवस मिळून १,००० तास होतात. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि मोदकांची शोधाशोध ३१ ऑगस्टपासून सुरू झाली असे धरू. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला आली, म्हणजे हंगाम २० ऑगस्टपासूनच लागला. ३० ऑगस्ट २०२५ रोजी मागच्या हंगामाचे १,८०० तास अजून शाबूत होते, वर्षभराचे १,००० होते आणि नव्या हंगामाचे १,३०० तोवर जमले होते. बेरीज ४,१००. चॅनेलने अट ओलांडली.

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. तोच व्हिडिओ, तेवढेच प्रेक्षक. पण नवा हंगाम ७ सप्टेंबरला सुरू होईपर्यंत २०२५ च्या हंगामाचे तास गळून गेलेले असतात. दोन हंगाम एकमेकांना शिवतच नाहीत आणि चॅनेल २,८०० तासांच्या वर कधी जात नाही. अशा चॅनेलाने अट ज्या दिवशी पूर्ण होते त्या दिवशीच अर्ज करावा, पुढच्या आठवड्यावर टाकू नये. एकदा प्रवेश मिळाला की पुढे तास घटले म्हणून सहसा कोणाला बाहेर काढत नाहीत. मात्र सहा महिने किंवा अधिक काळ चॅनेलवर काहीच नवे टाकले नाही, तर उत्पन्नाचा हक्क काढून घेण्याची मुभा कंपनीने ठेवली आहे.

शॉर्ट्सच्या वाटेने जाणाऱ्यासाठी ९० दिवसांत १ कोटी म्हणजे रोज साधारण १,११,००० व्ह्यूज. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला की लगेच तो व्ह्यू म्हणून दाखवला जातो, त्यामुळे पडद्यावरचा आकडा फुगलेला दिसतो. पात्रतेला आणि पैशाला मात्र ‘एंगेज्ड व्ह्यूज’च धरतात. प्रेक्षक क्षणात सरकवून पुढे गेला तर तो त्यात येत नाही.

आकडे पूर्ण झाले की फक्त अर्जाचा हक्क मिळतो. चॅनेलवर चालू असलेला कम्युनिटी गाइडलाइन्सचा स्ट्राइक नसावा, खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावलेली असावी आणि यूट्यूबसाठीचे ॲडसेन्स खाते जोडावे लागते. मग चॅनेलची तपासणी होते, तिला सर्वसाधारणपणे महिनाभर लागतो. तपासणारे सगळे व्हिडिओ पाहत नाहीत. चॅनेलचा मुख्य विषय, सर्वाधिक पाहिलेले आणि सर्वांत नवे व्हिडिओ, ज्यांतून वॉच टाइमचा मोठा हिस्सा आला ते व्हिडिओ, शिवाय शीर्षके आणि वर्णने यांवर त्यांची नजर असते. तास एका जुन्या उचललेल्या व्हिडिओने कमावले असतील, तर पुढे स्वतः केलेले पन्नास व्हिडिओ ते झाकू शकत नाहीत.

मराठी चॅनेलांत नाकारले जाण्याचे ठळक कारण म्हणजे ‘रीयूज्ड कंटेंट’ : नाटक-सिनेमांचे तुकडे, टीव्हीवरच्या बातम्या, दुसऱ्याचे कीर्तन जसेच्या तसे. मूळ मालकाची परवानगी असली तरी हा दोष टळत नाही, कारण हा प्रश्न कॉपीराइटचा नाही. तुम्ही त्यात स्वतःची काय भर घातली, एवढेच पाहिले जाते. एकाच साच्यातून ढिगाने काढलेल्या व्हिडिओंना वेगळा नियम आहे आणि जुलै २०२५ पासून त्याला ‘इनऑथेंटिक कंटेंट’ म्हणतात. अर्ज नाकारला गेला तर २१ दिवसांत अपील करता येते किंवा पहिल्या वेळी ३० दिवसांनी पुन्हा अर्ज करता येतो. नंतरच्या नकारांना ही मुदत ९० दिवसांची होते. नाकारण्याचे कारण Earn विभागात दिसते. ते न वाचता तसाच पुन्हा अर्ज केला, तर नुसती मुदत लांबते.

वाटणी तीन प्रकारची आहे. लांब व्हिडिओच्या पानावर दिसणाऱ्या जाहिरातींच्या निव्वळ उत्पन्नातले ५५ टक्के चॅनेलला मिळतात. सदस्यत्व, सुपर चॅट वगैरेंतून कर आणि ॲप स्टोअरची कपात वजा जाता उरलेल्या रकमेचे ७० टक्के मिळतात. शॉर्ट्सचा वाटा ४५ टक्के, आणि तो काढण्याची रीत वेगळी आहे. शॉर्ट्सच्या जाहिराती दोन व्हिडिओंच्या मध्ये येतात, त्यामुळे अमुक जाहिरात अमक्याच्या व्हिडिओची असे ठरवता येत नाही. म्हणून फेब्रुवारी २०२३ पासून प्रत्येक देशातले सगळे पैसे एकत्र करून वाटतात.

हिशेबापुरते आकडे घेऊ. एका देशात महिन्याभरात शॉर्ट्सच्या जाहिरातींतून २० लाख रुपये आले आणि मोजण्याजोगे व्ह्यूज ४० कोटी झाले. त्यांतले ३० टक्के व्ह्यूज एक गाणे वापरलेल्या शॉर्ट्सचे होते. गाणे नसलेल्या भागाचे १४ लाख पूर्णपणे निर्मात्यांच्या निधीत जातात. गाणे असलेल्या भागाच्या ६ लाखांतले निम्मे संगीताच्या परवान्यासाठी जातात आणि ३ लाख निधीत येतात. दोन गाणी असती तर निधीत एक तृतीयांशच आले असते. निधी झाला १७ लाखांचा. एखाद्या चॅनेलचे ८ लाख व्ह्यूज असतील तर ते एकूण व्ह्यूजच्या ०.२ टक्के, म्हणजे ३,४०० रुपये. त्याचे ४५ टक्के १,५३० रुपये. या चॅनेलने स्वतः गाणे वापरले असो वा नसो, त्याला तेवढेच मिळतात, कारण संगीताची कपात सगळ्यांच्या निधीतून आधीच झालेली असते. शॉर्ट्सने चॅनेल भराभर लोकांपर्यंत पोचते, पण केवळ त्यांच्या भरवशावर घरखर्चाचा हिशेब मांडणे धोक्याचे आहे.

हातात येणारी रक्कम आणखी दोन ठिकाणी बदलते. बनावट क्लिक किंवा विकत घेतलेले व्ह्यूज आढळले, तर महिन्याअखेरचा अंदाज आणि अंतिम रक्कम यांत फरक दिसतो. आणि अमेरिकेतील प्रेक्षकांकडून झालेल्या कमाईवर तिथला कर लागतो. ॲडसेन्समध्ये कराची माहिती भरून भारत-अमेरिका करार लागू करून घेतला, तर फक्त तेवढ्या कमाईवर १५ टक्के कापले जातात. माहितीच भरली नाही, तर जगभरच्या एकूण कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. महिन्याला १,००० डॉलर मिळवणाऱ्या आणि त्यांतले १०० डॉलर अमेरिकेतल्या मराठी प्रेक्षकांकडून येणाऱ्या चॅनेलसाठी हा फरक १५ डॉलर की २४० डॉलर, असा आहे. डॉलरमधल्या खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत पैसे बँकेत येत नाहीत. तोवरची रक्कम पुढच्या महिन्यात जमा धरली जाते.