जन्मतः आलेला दात : शकुनापासून तपासणीपर्यंत

मंडळी, आज विषय अगदी लहान आहे, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा. मूल जन्मतं आणि खालच्या हिरडीवर दात दिसतो. साधारण दोन-तीन हजार जन्मांत एखाद्या वेळी हे घडतं. प्रश्न असा की हा दात पाहिल्यावर माणसं काय विचारत आली, आणि आज काय विचारावं.

रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकात लिहितो की मानियस क्युरियस दातांसह जन्मला, म्हणून त्याला 'डेंटाटस', म्हणजे दातवाला, हे नाव पडलं. पुढे तो रोमचा मोठा सेनानी झाला. पण त्याच ठिकाणी प्लिनी व्हॅलेरिया नावाच्या मुलीचीही हकिकत देतो. ती तशीच जन्मली, तेव्हा शकुन सांगणारे म्हणाले की हिला ज्या नगरात न्याल ते बुडेल. आता बघा, दात तोच. मुलाला तो बिरुद झाला आणि मुलीला शाप. म्हणजे अर्थ दातात नव्हता, बघणाऱ्याच्या मनात होता. आपल्याकडेही तुलसीदास पूर्ण दातांसह जन्मले आणि त्यांचा त्याग झाला, अशी आख्यायिका आहेच.

१६३८ मध्ये फ्रान्सचा चौदावा लुई दोन दात घेऊन जन्मला. ग्रोशियस तेव्हा पॅरिसमध्ये स्वीडनचा राजदूत होता. त्यानं त्या दातांवरून शेजारी राष्ट्रांनी सावध राहावं, असा अर्थ काढला. दाईंना मात्र अर्थाशी कर्तव्य नव्हतं. त्यांचे स्तन चावले जात होते, आणि एकामागून एक दाई बदलावी लागली. मला वाटतं, खरा प्रश्न तिथे उभा राहिला : हा दात काय सुचवतो हा नव्हे, तर हा दात करतो काय?

हा प्रश्न वैद्यकात यायला वेळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटलीत रिगा आणि फेडे या वैद्यांनी अर्भकाच्या जिभेखालच्या एका जखमेचं वर्णन केलं. जीभ दातावर घासून घासून ती होते, आणि आजही त्या दोघांच्या नावानं ओळखली जाते. मग १९५० मध्ये मॅसलर आणि सवारा यांनी व्याख्या पक्की केली. जन्माच्या वेळी असतो तो 'नेटल' दात, आणि पहिल्या तीस दिवसांत येतो तो 'निओनेटल'.

पुढे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आली. असे बहुतेक दात जास्तीचे नसतातच. ते नेहमीचेच दुधाचे दात, बहुधा खालचे पटाशीचे, फक्त घाईनं वर आलेले असतात. मूळ अजून तयार झालेलं नसतं म्हणून हलतात. काढला तर त्या जागी दुसरा दुधाचा दात येत नाही. सहा-सात वर्षांचं होईपर्यंत तिथे फट राहते. म्हणून 'उपटून टाका' हे सहज म्हणायचं वाक्य नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, तीन दिवसांचं बाळ आहे आणि खाली दोन दात आहेत. डॉक्टर बोटानं हलवून बघतात, जीभ उचलून खाली जखम आहे का ते बघतात, आणि आईला दूध पाजताना काय होतं ते विचारतात. जमलं तर छोटा एक्स-रे काढून दात नेहमीचा की जास्तीचा ते ठरवतात. पहिला दात जेमतेम हलतो आणि बाळ नीट पितं. तो तसाच ठेवायचा. मूळ वाढलं की बहुधा तो घट्ट होतो. कडेनं जीभ खरवडली जात असेल तर ती कड घासून गुळगुळीत करतात. एवढ्यानं जखम भरली नाही आणि बाळ दूध सोडू लागलं, तरच काढण्याचा विचार होतो.

दुसरा दात दोन मिलिमीटरहून जास्त डुलतो, नुसता हिरडीच्या कातडीला लोंबकळतो. सुटून श्वासनलिकेत जाईल, ही त्यामागची भीती. तसं घडल्याच्या नोंदी फारच विरळ आहेत, पण एवढ्या सैल दाताबाबत कुणी धोका पत्करत नाही. तो काढतात. त्याआधी एक गोष्ट विचारायलाच हवी : जन्मानंतर व्हिटॅमिन 'के'चं इंजेक्शन दिलं आहे का? दिलं नसेल तर रक्त गोठायला अडचण येऊ शकते. अशा वेळी ते देऊन घेतात, किंवा काढणं दहाव्या दिवसापुढे ढकलतात. काढल्यावर खालचा मऊ गाभाही हलकेच खरवडतात. तो राहिला तर तिथे मुळासारखा तुकडा वाढू शकतो. हे घरी दोरा बांधून करायचं काम नव्हे, ते एवढ्यासाठी.

कधी दात दिसत नाही, पण हिरडीवर निळसर, मऊ फुगवटा दिसतो. वर येणाऱ्या दाताभोवतीच्या पिशवीत पाणी किंवा थोडं रक्त साठलेलं असतं. याला 'इरप्शन सिस्ट' म्हणतात. रंग बघून घरचे घाबरतात आणि कुणीतरी सुई आणतं. सुई लावू नये, कारण त्यातून संसर्ग होऊ शकतो. दात वर आला की ती बहुधा आपोआप फुटून जिरते. दुखतंय, पू झालाय, दूध पिता येत नाही किंवा फुगवटा वाढतच चाललाय, असं असेल तरच दंतवैद्य वरची पातळ त्वचा थोडी कापून वाट मोकळी करतात. त्यातही दात काढत नाहीत.

म्हणजे पुन्हा त्या दाईंचाच प्रश्न. दात हलतो किती, टोचतो कुणाला, आणि बाळ दूध पितं का? एवढ्यावर निर्णय होतो. व्हॅलेरियाबद्दल हे कुणी विचारलंच नव्हतं.