विळ्याच्या आकाराची पेशी

१९०४ च्या डिसेंबरात शिकागोच्या एका रुग्णालयात वॉल्टर क्लेमेंट नोएल हा ग्रेनाडाहून आलेला दंतवैद्यकाचा विद्यार्थी दाखल झाला. शिकाऊ डॉक्टर अर्नेस्ट आयर्न्स यांनी त्याच्या रक्ताचा स्मिअर पाहिला, तर लाल पेशी लांबट, बाकदार, टोकदार दिसल्या. त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्यावर लेख लिहिला आणि विळ्याचा आकार वैद्यकात आला. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केली. तेव्हापासून विदर्भात हा आकार परका राहिला नाही.

तिथल्या आर्णीसारख्या गावी तो कसा वाचायचा? समजा, १२ वर्षांची मुलगी आली. हिमोग्लोबिन ७ ग्रॅम, हाडे दुखतात, डोळे पिवळसर. स्मिअरवर विळे थोडेच दिसतात, पण टारगेट सेल पुष्कळ: कडेला लाल वलय, आत फिकट पट्टा, मध्यभागी पुन्हा लाल ठिपका. पेशीच्या आवरणाच्या मानाने आतला ऐवज कमी पडला की असे होते. थॅलेसेमिया आणि यकृताच्या आजारातही टारगेट सेल दिसतात, म्हणून नुसत्या त्यांवरून निदान करू नये. पण सोबत विळे असले, आणि काही पेशींत गोल, गडद ठिपके म्हणजे हॉवेल-जॉली बॉडी असल्या, तर प्लीहा निकामी होत चालल्याची ती खूण. मग नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन भागणार नाही.

दुसऱ्या आकारांचा अर्थ वेगळा. अश्रूच्या थेंबासारख्या पेशी अस्थिमज्जेत तंतू वाढल्याचे सुचवतात. मात्र साऱ्यांच्या शेपट्या एकाच दिशेला असतील, तर दोष बहुधा रक्ताचा नसून स्लाइड ओढण्याचा असतो. तुटके, शिरस्त्राणासारखे तुकडे, म्हणजे शिस्टोसाइट, दिसले आणि प्लेटलेटही कमी असल्या, तर थांबू नये. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन पेशी चिरडल्या जात असण्याची शक्यता आहे. घोणस चावल्यावरही असे घडू शकते, आणि मूत्रपिंड धोक्यात येते.

सिकलचा संशय असेल तर रक्ताच्या थेंबात २ टक्के सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळून, कव्हरस्लिप हवाबंद करून पाहतात. प्राणवायू कमी होताच विळे उमटतात. पण ही चाचणी रोगी आणि वाहक दोघांतही पॉझिटिव्ह येते. त्यांच्यातला फरक इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीनेच कळतो.

वाहकाचा साधा स्मिअर तर बहुधा अगदी सामान्य दिसतो. म्हणून आईबाप दोघेही वाहक निघतील असा संशय असेल, तर स्मिअर चांगला आला एवढ्यावर समाधान मानू नका, एचपीएलसी करून घ्या. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.